लाइट किती लांब ठेवायचा? एका हॉलमध्ये, एकाच लाइटवर

कोथरूडमधला नेहमीचा वन बीएचके, हॉल साधारण १४ फूट बाय १०, आणि सीन असा की दिवाणावर आई बसलीये, तिच्या पलीकडे मुलगी, दोघी बोलतायत. लाइट एकच, ६० सेंटीमीटरचा सॉफ्टबॉक्स लावलेला एलईडी, तो आईच्या बाजूला स्टँडवर, तिच्यापासून मीटरभर. मॉनिटरवर बघितलं तर आई पांढरीफटक आणि मुलगी काळवंडलेली. मग कुणीतरी म्हणतं "अरे लाइट वाढव की थोडा", वाढवला की मुलगी दिसायला लागते पण आईचं कपाळ जळतं, परत कमी केला की परत तेच. डिमर कितीही फिरवा, दोघींमधला फरक तसाच राहणार, कारण भानगड लाइटच्या ताकदीची नाहीये, अंतराची आहे.

नियम एका ओळीचा आहे: लाइटपासून अंतर दुप्पट झालं की उजेड निम्मा नाही, पाव होतो. तिप्पट झालं की नववा हिस्सा. का, तर लाइटमधून निघालेला उजेड पुढे जाताना आडवाही पसरतो आणि उभाही. एक मीटरवर जेवढा उजेड एका चौकोनावर पडतो तोच दोन मीटरवर रुंदीला दुप्पट आणि उंचीला दुप्पट, म्हणजे चार चौकोनांवर वाटला जातो. केप्लरने १६०४ मध्येच हे लिहून ठेवलंय, त्यात नवीन काही नाही, पण सेटवर घाईत सगळे विसरतात.

आधी टेप काढा

उजेड निम्मा झाला की एक स्टॉप कमी, दुप्पट झाला की एक स्टॉप जास्त. या स्टॉपमध्ये विचार करायचा असेल तर आकडे पाठ करायची गरज नाही, लेन्सवर ते आधीच लिहिलेले असतात: १, १.४, २, २.८, ४, ५.६. हेच आकडे मीटर समजून जमिनीवर टेपने खुणा करा. प्रत्येक खुणेवर उजेड बरोबर एक स्टॉप कमी होतो. म्हणजे लाइट एक मीटरवरून दोनवर नेला की दोन स्टॉप गेले, दोनवरून २.८ वर नेला की अजून एक.

खरं वाटत नसेल तर मोजून बघा. पडदे ओढा, ट्यूबलाइट बंद करा, अँड्रॉइड फोनवर एखादं लक्स मोजणारं ॲप टाका, फोनचा पुढचा भाग लाइटकडे करा (सेन्सर इअरपीसजवळ असतो, त्यावर बोट येऊ देऊ नका) आणि एक मीटर, दोन मीटरवर आकडा लिहा. दोनवर चौथा हिस्सा यायला हवा, पण आपल्या फ्लॅटमध्ये थोडा जास्तच येईल, कारण पांढऱ्या भिंती आणि पांढरं छत उजेड परत फेकतात. शिवाय हा नियम नीट लागू होतो तो छोट्या, उघड्या लाइटला, सॉफ्टबॉक्सच्या अगदी जवळ गेलात तर उजेड नियमापेक्षा हळू बदलतो. लाइटच्या रुंदीच्या पाचपट लांब गेलं की मग हिशोब जवळजवळ तंतोतंत जुळतो. आपल्या ६० सेंटीमीटरच्या सॉफ्टबॉक्सला म्हणजे तीन मीटर. त्याच्या आत आकडे अंदाजे धरा, दिशा मात्र तीच राहते.

आता दिवाणाचा हिशोब

आई लाइटपासून १ मीटर, मुलगी तिच्या पलीकडे ६० सेंटीमीटर, म्हणजे १.६ मीटर. १.६ चा वर्ग २.५६. आईवर मुलीपेक्षा अडीचपट उजेड आहे, एक स्टॉप आणि वर थोडा. चेहऱ्यांवर एवढा फरक लगेच दिसतो.

आता लाइट मागे घेऊन आईपासून अडीच मीटरवर न्या. मुलगी ३.१ वर गेली. ३.१ भागिले २.५, त्याचा वर्ग, साधारण दीडपट. फरक अर्ध्या स्टॉपच्या जरासा वर राहिला आणि हा चालतो, उलट खोलीत उजेड एका बाजूने येतोय असं वाटायला त्याची मदतच होते. दोघींमधलं अंतर तेच ६० सेंटीमीटर आहे, फक्त लाइट लांब गेल्यामुळे ते ६० सेंटीमीटर आता नगण्य झाले. म्हणूनच उन्हात शूट करताना हा प्रश्न येत नाही, सूर्य १५ कोटी किलोमीटरवर आहे, त्याला पुढे बसलेली कोण आणि मागे कोण याचं काही पडलेलं नाही.

मुलगी मध्येच उठून किचनकडे जाणार असेल तर लांबचा लाइट अजूनच कामाला येतो. एक मीटरवरच्या लाइटकडे नट ३० सेंटीमीटर झुकला तरी त्याच्यावर एक स्टॉप उजेड वाढतो, तीन मीटरवरच्या लाइटकडे तेवढाच झुकला तर स्टॉपच्या तिसऱ्या हिश्शाएवढाच.

पण फुकट काही मिळत नाही. एकवरून अडीचवर गेलात म्हणजे आईवरचा उजेड सव्वासहा पटीने कमी झाला, अडीच स्टॉपपेक्षा जास्त. आधी डिमर १५ टक्क्यांवर होता तर आता ९४ टक्के लागेल (सगळ्या लाइटांचा डिमर आकड्याबरहुकूम चालतो असं नाही, शेवटी मॉनिटर बघूनच ठरवा). आधीच ५० टक्क्यांवर असाल तर लाइट पुरणारच नाही, मग लेन्स उघडा किंवा आयएसओ वाढवा. शटरला मात्र हात लावू नका, आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, २५ फ्रेमला १/५० ठेवलं की घरातल्या ट्यूबा-बल्ब फ्लिकर करत नाहीत, ते बदललं तर एक दुखणं घालवून दुसरं घेतलंत.

सावली बघा, ती कडक झाली असेल

हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. लाइट लांब नेला की उजेड कमी होतो हे दिसतं, पण सावलीची कड बदलते ते एडिटला कळतं. सावली मऊ की कडक हे चेहऱ्यावरून बघितलं तर लाइट किती मोठा दिसतो यावर ठरतं. तोच सॉफ्टबॉक्स लांब गेला की छोटा दिसतो, सावली कडक.

आईच्या नाकाची सावली गालावर पडते, नाकाच्या टोकापासून तिथपर्यंत ५ सेंटीमीटर धरू. सावलीची पुसट कड काढायची तर लाइटची रुंदी गुणिले हे ५, भागिले लाइटचं अंतर. एक मीटरवर ६० गुणिले ५ भागिले १००, म्हणजे ३ सेंटीमीटरची मऊ कड, सावली कुठे संपली ते सांगताही येणार नाही. अडीच मीटरवर तीच कड १.२ सेंटीमीटर, म्हणजे नाकाची सावली स्पष्ट दिसायला लागली. वयस्कर चेहरा असेल तर सुरकुत्यांचंही तेच होतं.

मऊपणा परत हवा असेल तर अंतर जितक्या पटीने वाढवलं तितक्याच पटीने लाइट रुंद करा. अडीच मीटरला दीड मीटरची फ्रेम, त्यावर बटर पेपर किंवा पांढरं पातळ कापड, आणि मागून सॉफ्टबॉक्स काढलेला लाइट. तो इतका मागे हवा की पूर्ण फ्रेम भरली पाहिजे, नाहीतर कापडाच्या मधोमध फक्त एक गोळा उजळतो आणि मग लाइट तेवढाच मोठा, कापडाला काही अर्थ नाही. यापुढे अंतर मोजायचं ते कापडापासून, दिव्यापासून नाही. कापड स्वतः एक-दोन स्टॉप खातं ते वेगळंच.

आणि आता हॉल नडतो. १४ फूट म्हणजे सव्वाचार मीटर. मुलीच्या मागे अर्धा मीटर, दोघींमध्ये ६० सेंटीमीटर, अडीच मीटर लाइटपर्यंत आणि कापडामागे दिव्याला एक मीटर, बेरीज साडेचारच्या वर गेली, दिवा बाल्कनीत. म्हणून अशा हॉलमध्ये मी दोन मीटर आणि १.२ मीटरच्या फ्रेमवर थांबेन. मऊपणा तोच आणि दोघींमध्ये फरक पाऊण स्टॉपचा.

उरलेला पाऊण स्टॉप लाइट अजून मागे न नेता निघतो. कापडाऐवजी सॉफ्टबॉक्सच वापरताय तर त्याचं तोंड आईकडे न ठेवता मुलीकडे, किंवा तिच्याही थोडं पुढे वळवा, मग मधला जोरदार उजेड लांबच्या व्यक्तीला मिळतो आणि जवळच्या आईला कडेचा. किंवा स्टँड दिवाणाच्या टोकावरून कॅमेऱ्याच्या बाजूला तिरका आणा, दोघींची अंतरं जवळ येतात, १ आणि १.६ च्या जागी १ आणि दीड होतात. पूर्ण समोर आणू नका, फरक जातो पण चेहरे सपाट होतात. खरं सांगायचं तर मी आधी हे दोन उपाय करून बघेन, मग लाइट मागे नेईन.

मागची भिंत

क्लोजअपला प्रश्न उलटा असतो. तिथे फक्त आई आहे आणि मागची ऑफव्हाइट भिंत खटकते. दिवाण भिंतीपासून मीटरभर पुढे ओढा, लाइट आईपासून एक मीटरवर, भिंत लाइटपासून दोन मीटर, भिंत दोन स्टॉप काळी. चेहऱ्यावर एक्सपोजर ठेवलं की भिंत आपोआप मागे जाते. हाच लाइट अडीचवर नेऊन चेहरा परत तेवढाच उजळ केला तर भिंत साडेतीनवर, फरक जेमतेम एक स्टॉप, आणि घराचा रंग, कॅलेंडर, स्विचबोर्ड सगळं समोर येतं. म्हणजे दोघींच्या शॉटला लाइट लांब, एकटीच्या क्लोजअपला जवळ. पण एकदम टोकाला जाऊ नका, वाइडमध्ये भिंत उजळ आणि क्लोजअपमध्ये अंधारी असं झालं तर कट खटकतो, अर्ध्या-पाऊण स्टॉपचा फरक खपतो.

भिंत तरीही काळी होत नसेल तर छताकडे बघा. उजेड तिथून परतून येत असतो, त्याला अंतराचा नियम समजावून उपयोग नाही, काळं कापड नाहीतर कटर लावा.

एक शंका दर वेळी येते, की कॅमेरा मागे नेला तर एक्सपोजर बदलतं का? नाही. आईवर पडणारा उजेड लाइटच्या अंतराने ठरतो. कॅमेरा लांब गेला की तिच्याकडून येणारा उजेड कमी होतो खरा, पण तिची प्रतिमाही त्याच प्रमाणात छोटी होते, त्यामुळे चेहरा तेवढाच उजळ राहतो. कॅमेरा हलवा, एफ ४ तसाच ठेवा.

शेवटचं काम कंटिन्युइटीचं. जेवणानंतर किंवा दुसऱ्या दिवशी रिव्हर्स शॉट असेल तर वहीत डिमरचा टक्का लिहून भागत नाही, कापडापासून आईच्या नाकापर्यंतचं अंतर लिहा, स्टँडच्या पायापासूनचं नाही, कारण बूम आर्म असला की त्या दोन आकड्यांत अर्ध्या मीटरचा फरक पडतो आणि एक मीटरच्या सेटअपला अर्धा मीटर म्हणजे एका स्टॉपच्या वर.