शुगरमुळे पाय बधिर झालेत? मग रोज पाय असे बघा

मागच्या एप्रिलमधली गोष्ट, आमचे आप्पा भर दुपारी काळारामाला गेले, चप्पल बाहेर काढून तापलेल्या दगडावरून चालले, घरी येऊन जेवले आणि निवांत झोपले. दुसऱ्या दिवशी आईला लादीवर ओलसर ठिपके दिसले, बाथरूमपासून पार खाटेपर्यंत. पाय वर करून बघितला तर अंगठ्याच्या मागे तळव्याला रुपयाएवढा फोड, तोही फुटलेला. आप्पा म्हणतात, "अरे दुखतच नाही, मग कसली जखम?"

दुखत नाही हाच तर प्रॉब्लेम. शुगरने नसा खराब झाल्या की माणूस जखमेवरच चालत राहतो आणि ती आत आत जाते.

आधी घरीच एक टेस्ट करा. डोळे मिटायला सांगा आणि दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या टोकाला आपलं बोट हलकंच टेकवा, सेकंद-दोन सेकंद, दाबायचं नाही आणि परत लावायचं नाही. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर संवेदना गेली असं धरून चाला आणि डॉक्टरांना दाखवा.

मग रोज रात्री, टीव्ही बघता बघता झालं तरी चालेल, तळवे, टाचा आणि बोटांच्या बेचक्या बघायच्या, वाकता येत नसेल तर खाली आरसा ठेवा नाहीतर घरच्यांना सांगा. घट्टा असेल तर तिथे जास्त वेळ द्या, कारण घट्टा म्हणजे तिथे सगळा दाब पडतोय, आणि त्यात काळपट-लाल डाग दिसला तर खाली रक्त साकळलंय, वरून कातडी धड दिसली तरी आत जखम असू शकते. घट्टा ब्लेडने कापू नका, मेडिकलवाल्याकडची कुरुपाची पट्टी तर अजिबात नको, त्यातलं अ‍ॅसिड चांगली कातडीही खातं.

पाय कोमट पाण्याने धुवा, पाणी कोपराने बघा, पायाने नाही. बेचक्या कोरड्या करा. आपल्याकडे थंडीत टाचांना भेगा पडतातच, व्हॅसलिन लावा पण बेचक्यांत नको, आणि शेकोटी, गरम पिशवी लांबच ठेवा.

घरातही चप्पल हवीच, एमसीआर नावाच्या मऊ रबराची, मागे पट्टा असलेली. घालायच्या आधी आत हात फिरवा (आमच्याकडे परवा बुटातून नातवाची गोटी निघाली, आप्पा तोच बूट घालून भाजी आणायला निघाले होते). देवळात आता ते सकाळी दगड गार असताना जातात, जाड मोजे घालून.

जखम दिसलीच तर स्वच्छ पाण्याने धुवा, कोरडी पट्टी बांधा, हळद-चुना काही नको, त्या पायावर भार देणं बंद आणि त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी डॉक्टर. आप्पांना औषधं होतीच, पण जखम भरली ती डॉक्टरांनी त्या पायावरचा भार काढल्यावर. आणि जखम नसताना एक पाय लाल, गरम, सुजलेला वाटला तरी थांबू नका, आतली हाडं ढासळत असू शकतात.