गळतीची तक्रार सोसायटीला कशी लिहावी: राग दिसेल आणि कामही होईल असं पत्र

सोसायटीला दिलेली बहुतेक तक्रारपत्रं सरकारी अर्जाच्या नमुन्यावरून उतरवलेली असतात, नाहीतर रात्री अकरा वाजता संतापात लिहिलेली असतात. पहिल्या प्रकारचं पत्र कुणी वाचत नाही. दुसऱ्या प्रकारचं सगळे वाचतात, पण चर्चा मात्र तुमच्या भाषेची होते. इथे आपण एक पत्र घेऊन ते पुन्हा लिहू. विषय नेहमीचाच, सर्वात वरच्या मजल्यावरच्या घरात गच्चीतून होणारी गळती.

लिहायला बसण्याआधी पाणी कुठून येतंय ते नक्की करा, कारण जबाबदारी कुणाची हे त्यावर ठरतं. पावसाळ्यात ठिबकतं आणि पाऊस गेल्यावर हळूहळू सुकतं, तर बहुधा गच्चीचा दोष. ऐन फेब्रुवारीतही ओल वाढत असेल, तर पाण्याची टाकी किंवा पाइप तपासायला हवेत. तुमच्या वर दुसरं घर असेल तर त्यांचं बाथरूमही तपासा, कारण त्या तक्रारीची दिशाच वेगळी असते. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून झिरपणाऱ्या पावसाच्या पाण्याची गळती आणि त्यामुळे वरच्या मजल्यावरच्या घरांच्या छताचं, प्लास्टरचं झालेलं नुकसान संस्थेनं स्वखर्चानं दुरुस्त करायचं असतं. आपल्या सोसायटीच्या उपविधींच्या पुस्तिकेत ते कलम शोधून खूण करून ठेवा.

आता पहिला खर्डा. असा मजकूर तुम्ही नक्की पाहिला असेल:

“उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, माझ्या सदनिकेत गळती होत असून मला व माझ्या कुटुंबीयांना प्रचंड मानसिक व शारीरिक त्रास सहन करावा लागत आहे. वारंवार तक्रार करूनही आपण हेतुपुरस्सर दुर्लक्ष करीत आहात. तरी तातडीने योग्य ती कारवाई करावी, अन्यथा होणाऱ्या परिणामांस आपण सर्वस्वी जबाबदार राहाल.”

यात राग आहे असं लिहिणाऱ्याला वाटतं, पण वाचणाऱ्याला तो लागत नाही. ‘प्रचंड मानसिक त्रास’ हे शब्द पार्किंगच्या भांडणातही असतात आणि कबुतरांच्या तक्रारीतही. गळती कुठल्या खोलीत, कधीपासून, ‘वारंवार’ म्हणजे नेमकं केव्हा, काहीच कळत नाही. ‘हेतुपुरस्सर’ हा आरोप तर उलट अंगावर येतो. सचिव हा बिनपगारी काम करणारा शेजारीच असतो. हेतूवर बोट ठेवलंत की तो गच्ची सोडून स्वतःचा बचाव करायला लागतो. सर्वात महागात पडतं ते ‘योग्य ती कारवाई’. समितीनं माळ्याकडून दोन भेगांत सिमेंट भरून घेतलं, की झाली योग्य ती कारवाई!

म्हणून आधी हे पत्र बाजूला ठेवून कोऱ्या कागदावर फक्त घटना लिहा, तारखांसह. कोण येऊन पाहून गेलं, काय म्हणालं, पुढे काय झालं. घरातलं कुणाचं काय बदललं तेही लिहा, कुणाचा पलंग हलवावा लागला, कुठलं कपाट रिकामं करावं लागलं. विशेषणं एकही नको. हा कागद तयार झाला की पत्र जवळजवळ तयार होतं:

“प्रति, मा. सचिव.
विषय: गच्चीतून माझ्या बेडरूममध्ये होणारी गळती, तिसरी लेखी तक्रार.

महोदय,
माझं घर सातव्या मजल्यावर, गच्चीच्या थेट खाली आहे. गेल्या जूनमध्ये मागच्या बेडरूमच्या छतातून पाणी ठिबकू लागलं. २० जूनला मी लेखी तक्रार दिली. तुम्ही स्वतः येऊन छत पाहिलंत आणि पाऊस थांबला की वॉटरप्रूफिंग करू, असं सांगितलंत. मी थांबलो. १० नोव्हेंबरला आठवण करून देणारं पत्र दिलं, त्याला आजवर उत्तर नाही.

३ मार्चला सकाळी छताच्या प्लास्टरचा ताटाएवढा तुकडा माझ्या आईच्या पलंगावर पडला. ती तेव्हा स्वयंपाकघरात होती म्हणून वाचली. तिचं वय ७८ आहे. त्या दिवसापासून ती हॉलमध्ये झोपते आणि ती खोली आम्ही बंद ठेवली आहे. मी मेंटेनन्स दर महिन्याला वेळेवर भरतो आणि माझ्याच घरातली खोली मला वापरता येत नाही, याचा मला राग आला आहे.

गच्चीची आणि त्यामुळे खराब झालेल्या छताची दुरुस्ती उपविधींनुसार संस्थेच्या खर्चानं व्हायची असते. तेव्हा छताचं सैल झालेलं प्लास्टर आठवड्याभरात उतरवून घ्यावं, ३१ मार्चपर्यंत इंजिनिअरकडून गच्चीची पाहणी करून घ्यावी आणि वॉटरप्रूफिंग व छताचं प्लास्टर २५ मेपूर्वी पूर्ण करावं. समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घेऊन निर्णय मला पंधरा दिवसांत लेखी कळवावा. तसं न झाल्यास मी सहकार न्यायालयात दाद मागेन.

सोबत: आधीच्या दोन पत्रांच्या पोच असलेल्या प्रती, छताचे आणि पडलेल्या प्लास्टरचे फोटो.”

राग एकाच वाक्यात आहे. तो प्लास्टर पडल्यानंतर आणि मागणीच्या आधी येतो. तिथवर वाचणाऱ्यालाही राग यायला हवा, म्हणून त्या वाक्यात आवाज चढवावा लागत नाही. ‘तुम्ही स्वतः येऊन पाहिलंत’ हे कबूल करणं मऊपणाचं वाटेल, पण तेच पत्रातलं सर्वात अडचणीत आणणारं वाक्य आहे. आता ‘आम्हाला माहीत नव्हतं’ असं कुणाला म्हणता येणार नाही. आईच्या बाबतीत मात्र एक शब्दही वाढवू नका. ती घाबरली नसेल तर घाबरली असं लिहू नका. शेजारी घरात येऊन गेलेले असतात, त्यांना खरं माहीत असतं.

२५ मे ही तारीखही उगाच नाही. वॉटरप्रूफिंगला गच्ची कोरडी लागते, काम झाल्यावर पाणी भरून एक-दोन दिवस तपासावं लागतं. खर्च समितीच्या अधिकारापलीकडे गेला तर सर्वसाधारण सभेची मंजुरीही घ्यावी लागते. मे महिन्यात दिलेल्या तक्रारीला ‘आता पावसाळ्यानंतर’ हेच उत्तर मिळतं, त्यामुळे पत्र मार्चमध्येच गेलं पाहिजे. पंधरा दिवसांची मागणी आदर्श उपविधींतूनच आलेली आहे. सभासदाच्या लेखी तक्रारीवर समितीनं पुढच्या बैठकीत निर्णय घेऊन त्यानंतर पंधरा दिवसांत तो कळवायचा असतो.

इशाऱ्याचं वाक्य एकच ठेवा आणि जागा बरोबर लिहा. दुरुस्ती आणि गळतीचे वाद आदर्श उपविधींनी सहकार न्यायालयाकडे दिले आहेत. पोलीस, ग्राहक मंच, मुख्यमंत्री अशी यादी दिलीत, की यातलं काहीच होणार नाही हे सचिवाला कळतं. ‘मेंटेनन्स बंद करीन’ ही धमकी तर नकोच. तसं केलंत की तुम्ही थकबाकीदार ठरता आणि बैठकीत गळतीऐवजी तुमच्या थकबाकीवर चर्चा होते.

लिहिल्यावर पत्र एक रात्र राहू द्या. सकाळी मोठ्यानं वाचा. जे वाक्य सचिवाच्या तोंडावर, लिफ्टमध्ये उभं राहून म्हणता येणार नाही ते काढून टाका. ‘उपरोक्त’ आणि ‘सर्वस्वी’ आपोआप गळतील.

पत्राच्या दोन प्रती काढा. एक सोसायटीच्या कार्यालयात द्या, दुसरीवर शिक्का, सही आणि तारीख घ्या. घ्यायला नकार दिला तर स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपून ठेवा. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर फोटो टाकायची इच्छा होईल, पण तिथे शंभर गुड मॉर्निंगखाली तुमचं छत वाहून जातं, आणि तो मजकूर म्हणजे लेखी तक्रार असं समितीही सहसा धरत नाही. बैठक झाल्यावर इतिवृत्तात तुमच्या पत्राची नोंद आहे का ते विचारा. नसेल तर चौथं पत्र तेवढ्याच एका गोष्टीसाठी, तीन ओळींचं.