सावलीवरून झाडाची उंची मोजताना या चुका टाळा

सूत्र शाळेतलंच आहे: काठीची उंची भागिले काठीची सावली, गुणिले झाडाची सावली. साधं त्रैराशिक. सूर्य इतका दूर आहे की काठीवर आणि झाडावर येणारे किरण समांतर धरता येतात, म्हणून दोन्ही त्रिकोण समरूप होतात. तरीही 12 मीटरच्या आंब्याचं उत्तर 15-16 मीटर येतं, कारण जमिनीवर मोजलेलं सावलीचं टोक पुष्कळदा शेंड्याचं नसतंच.

शेंड्याऐवजी बाजूच्या फांदीची सावली मोजणं

ही सगळ्यांत मोठी चूक आहे आणि ती सहसा लक्षातच येत नाही. सुरू किंवा उंच वाढणारा खोटा अशोक अशा निमुळत्या झाडांत सावलीचं टोक खरोखर शेंड्याचं असतं. आंबा, वड, चिंच यांचा पर्णसंभार मात्र घुमटासारखा गोल असतो. ऊन डोक्यावर असताना शेंड्याची सावली त्या घुमटाच्या सावलीत बुडून जाते. बाहेर दिसणारी कड ही सूर्याच्या विरुद्ध बाजूच्या, शेंड्यापेक्षा खालच्या फांद्यांची असते.

एक उदाहरण आकड्यांसह पाहू. आंबा 12 मीटर उंच आहे. त्याचा पर्णसंभार चेंडूसारखा धरला, तर त्रिज्या 4 मीटर आणि मध्य जमिनीपासून 8 मीटरवर. काठी जमिनीवर बरोबर 100 सेंमी. जागा पुणे, तारीख 21 मार्चच्या आसपास.

सकाळी 11 च्या सुमारास काठीची सावली 62 सेंमी असते. झाडाच्या सावलीची कड खोडाच्या मध्यापासून 9.67 मीटरवर पडते. उत्तर येतं 15.6 मीटर. खऱ्या शेंड्याची सावली 7.44 मीटरवरच आहे, पण ती गर्द सावलीच्या पोटात असल्याने दिसत नाही.

दुपारी साडेचारनंतर काठीची सावली 173 सेंमी होते. कड आता 21.86 मीटरवर जाते आणि उत्तर 12.6 मीटर येतं. झाड तेच, काठी तीच, पण चूक साडेतीन मीटरवरून साठ सेंटिमीटरवर आली.

म्हणून गोल झाड मोजायचं तर काठीची सावली काठीच्या दीडपट ते पावणेदोनपट होईपर्यंत थांबावं. त्याहून जास्त थांबण्यातही फायदा नाही. ऊन फार कललं की सावली काठीच्या चार-पाचपट लांब जाते, टोक पुसट होतं आणि वाटेत कुंपण किंवा भिंत येते.

थांबायला वेळ नसेल तर चूक मोजून वजा करता येते. काठीच्या टोकापासून तिच्या सावलीच्या टोकापर्यंत सुतळी ताणा आणि तिची लांबी मोजा. त्यातून सावलीची लांबी वजा करा, उरलेल्याला सावलीच्या लांबीने भागा आणि पर्णसंभाराच्या त्रिज्येने गुणा. आलेला आकडा उत्तरातून काढून टाका. त्रिज्या सावलीतच मिळते: किरणांच्या दिशेला काटकोनात सावलीची जास्तीत जास्त रुंदी घ्या आणि तिचं निम्मं करा. वरच्या सकाळच्या मोजणीत सुतळी 117.7 सेंमी भरते. 117.7 वजा 62 म्हणजे 55.7, भागिले 62, गुणिले 4 केलं की 3.6 मीटर. 15.6 मधून ते गेले की 12 उरतात.

हा हिशेब गोल पर्णसंभारासाठीच आहे. गुलमोहर किंवा पर्जन्यवृक्ष छत्रीसारखा सपाट पसरतो. तिथे कड जवळजवळ शेंड्याच्याच उंचीवर, पण खोडापासून खूप बाहेर असते. अशा झाडात खोडापासून कडेपर्यंतच्या अंतरातून सावलीच्या रुंदीचा निम्मा भाग आधी वजा करावा आणि मगच गुणाकार करावा.

टेप खोडाच्या सालीला लावणं

अंतर शेंड्याच्या थेट खालच्या बिंदूपासून हवं. सरळ झाडात तो खोडाचा मध्य असतो. टेप सालीला लावली असेल तर खोडाचा घेर मोजून 6.28 ने भागा आणि ते अंतर मिळवा. तीन मीटर घेराच्या वडात हा फरक जवळपास अर्धा मीटर भरतो.

कललेल्या माडात प्रकरण आणखी बिघडतं, कारण शेंडा बुंध्यापासून दीड-दोन मीटर बाजूला असू शकतो. तिथे बुंध्यापासून नव्हे, तर शेंड्याच्या खाली उभं राहून, ओळंबा डोळ्यासमोर धरून दोन बाजूंनी तपासलेल्या जागेपासून मोजावं. कल पूर्वेला किंवा पश्चिमेला असेल तर दुसरा उपाय आहे: काठीची सावली सारखीच असताना सकाळी एकदा आणि दुपारी एकदा बुंध्यापासून मोजा आणि सरासरी घ्या. एका वेळी अंतर कमी येतं, दुसऱ्या वेळी तेवढंच जास्त. दक्षिणोत्तर कलाला ही युक्ती लागू पडत नाही.

आधी झाड, मग सावकाश काठी

सावली थांबत नाही. सूर्य 45 अंशांवर असताना 15 मीटरच्या झाडाची सावली दहा मिनिटांत सुमारे एक मीटर सरकते. म्हणून आधी खुणा करायच्या, टेप नंतर. एकाने झाडाच्या सावलीच्या टोकाशी खुंटी ठोकावी आणि दुसऱ्याने त्याच क्षणी काठीच्या टोकाशी खूण करावी. एकटेच असाल तर काठीची खूण झाडाच्या आधी एकदा आणि नंतर एकदा करा आणि दोन्हींची सरासरी घ्या.

झाडाच्या सावलीची कड धूसर दिसणं हा डोळ्यांचा दोष नाही. सूर्य बिंदू नसून अर्ध्या अंशाची थाळी आहे, त्यामुळे 15 मीटर उंचीवरच्या फांदीची कड जमिनीवर पाव मीटरभर पसरते. खूण त्या धूसर पट्ट्याच्या मध्यावर करावी. शेंड्याची काडीएवढी डहाळी तर सावलीत उमटतच नाही; वस्तूच्या जाडीच्या साधारण 108 पटींपलीकडे तिची गडद सावली संपते.

काठी

आपल्या जुन्या गणितात या काठीला शंकू म्हणत आणि ती ताठ उभी असणं हे त्यात गृहीतच असे. एक मीटरची काठी सूर्याच्या दिशेने किंवा उलट पाचच अंश कलली तर टोक जवळजवळ 9 सेंमी सरकतं आणि ऊन 45 अंशांवर असताना उत्तर तेवढ्याच टक्क्यांनी चुकतं. पाच अंश डोळ्यांना कळत नाहीत, म्हणून ओळंबा लावा. दुसरी नेहमीची गडबड म्हणजे मीटरभर काठी दहा सेंमी जमिनीत ठोकून हिशेबात 100 धरणं. मोजायची ती जमिनीवर उरलेली उंची.

उतार आणि भिंत

उतार सगळीकडे एकसारखा असेल तर घाबरायचं कारण नाही. काठी त्याच उतारावर, पण ओळंब्यात उभी करा आणि दोन्ही सावल्या उतारावरूनच मोजा. त्रिकोण समरूपच राहतात. चूक होते ती काठी सपाट अंगणात आणि झाडाची सावली उतारावर असली की. सूर्य 45 अंशांवर असताना सावली अवघ्या पाच अंशांच्या उतरत्या जमिनीवर पडली तरी उत्तर दहा टक्के जास्त येतं.

सावली भिंतीवर चढली तर भिंतीच्या पायथ्यापर्यंतचं अंतर नेहमीसारखं गुणा आणि भिंतीवरच्या सावलीची उंची त्यात तशीच मिळवा. समजा भिंतीपर्यंत 14 मीटर आहेत, भिंतीवर 1.8 मीटर सावली आहे आणि 100 सेंमी काठीची सावली 140 सेंमी आहे. 14 भागिले 1.4 म्हणजे 10, अधिक 1.8, झाड 11.8 मीटर.

उत्तर पटत नसेल तर

दोन-तीन तासांच्या अंतराने पुन्हा मोजा. ऊन कलेल तसं उत्तर कमी होत गेलं तर पर्णसंभाराची कड फसवते आहे. सकाळचं आणि दुपारचं उत्तर वेगळं येऊन सरासरीच्या दोन्ही बाजूंना पडलं तर झाड कललेलं आहे किंवा अंगणाला उतार आहे. काही मिनिटांच्या अंतराने घेतलेली उत्तरंही वर-खाली उड्या मारत असतील तर खुणा एकाच वेळी होत नाहीत.