तळटीप कानाला कशी ऐकवायची: ठाण्याच्या रेल्वेवरचं प्रकरण

ज्या पुस्तकाचं ऑडिओबुक करायचं होतं, त्यात छापील वाक्य होतं: ‘१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली गाडी (टीप ४) ठाण्याला पोहोचली.’ टीप चारमध्ये तीन इंजिनांची नावं आणि संदर्भग्रंथाचा पानक्रमांक होता. टीप जागच्या जागी वाचली, तर ‘पोहोचली’ येईपर्यंत गाडी कुठून निघाली तेच ऐकणारा विसरतो.

म्हणून टीप फोडली. पानक्रमांक ऑडिओबुकसोबतच्या पीडीएफमध्ये गेला. इंजिनांची नावं कथनातच हवीत, पण मूळ वाक्य पूर्ण झाल्यावर: ‘ही गाडी तीन इंजिनं ओढत होती: साहिब, सिंध आणि सुलतान.’ आकडा आधी सांगितला की यादी कुठे संपणार ते कानाला कळतं.

अवतरणचिन्हं ऐकू येत नाहीत. उतारा कुणाचा ते आधी सांगावं आणि तो संपल्यावर ‘इथे उतारा संपतो’ असं लिहावं. नुसत्या आवाजबदलावर विसंबू नये. लोकलच्या गोंगाटात तो फरक हरवतो. ‘पार्श्वभूमी’ हा मथळ्याचा शब्द काढून ‘गाडी येण्याआधी ठाणे कसं होतं?’ असं वाक्य घातलं.

निवेदकाच्या प्रतीत साल अक्षरी: अठराशे त्रेपन्न. नाहीतर कुणी ‘एक हजार आठशे’ असं वाचतं.