टीपीओ सरांकडे कंपन्यांचे कॉन्टॅक्ट मागण्याआधी: इन्स्ट्रुमेंटेशनच्या अंतिम वर्षासाठी तयारीची यादी

"सर, इन्स्ट्रुच्या कोअर कंपन्यांचे एचआर नंबर मिळतील का?" हा मेसेज प्रत्येक बॅचमधून टीपीओंना जातो आणि बहुतेक वेळा निळ्या खुणा उमटून तिथेच राहतो. विभागाच्या प्लेसमेंटचं काम माझ्याकडे असल्यामुळे या मेसेजचं पलीकडे काय होतं ते मला दिसतं. सर मुद्दाम टाळत नाहीत. त्या प्रश्नाला पाच मिनिटांत देता येईल असं उत्तरच नसतं. म्हणून मेसेज टाइप करण्याआधी काय काय तयार ठेवायचं ते इथे लिहिते आहे. उदाहरण इन्स्ट्रुमेंटेशनचं घेतलं आहे, कारण कंपन्या भरपूर असूनही त्या कॅम्पसला फारशा येत नाहीत अशी ही शाखा आहे.

पहिल्यांदा टीपीओंच्या ऑफिसात नेमकं काय असतं ते समजून घ्या. तिथे एक एक्सेल शीट असते: कंपनी, गाव, एचआरचं नाव, मोबाइल, शेवटचा फोन कधी केला आणि शेवटी शेरा. खरी माहिती त्या शेऱ्याच्या रकान्यात असते. "जूननंतर कळवतो", "डिप्लोमाच हवा", "एचआर बदलले", "साइटवर राहायची तयारी असेल तरच". ही शीट तुम्हाला कोणीही फॉरवर्ड करणार नाही, आणि करूही नये. एका एचआरला एका आठवड्यात चाळीस मुलांचे फोन गेले की पुढच्या वर्षी तो कॉलेजचा फोन उचलत नाही. शिवाय एखाद्याचा वैयक्तिक मोबाइल नंबर त्याला न विचारता वाटण्याबाबत 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यानंतर ऑफिसं जास्त सावध झाली आहेत. तेव्हा नंबर मागूच नका. कंपनीची नावं, तिथे कोणत्या विभागाशी बोलायचं ते आणि शक्य असल्यास तुमचा मेल सरांच्या मेलवरून पुढे जाणं, एवढं मागा. हे सरांना सहज देता येतं, आणि सरांच्या मेलवरून आलेला बायोडेटा निदान उघडला तरी जातो.

दुसरं काम म्हणजे कोअर कंपनी म्हणजे तुमच्या मते काय ते ठरवणं. बहुतेक मुलं फोर्ब्स मार्शल किंवा हनीवेल अशी पुण्यातली मोठी नावं लिहून मोकळी होतात. त्या कंपन्यांची भरती त्यांच्या ठरलेल्या पद्धतीनं होते, तिथे टीपीओंच्या एका फोननं काही हलत नाही. इन्स्ट्रुमेंटेशनची कामं साधारण चार ठिकाणी असतात. एक, ट्रान्समीटर, फ्लोमीटर, कंट्रोल व्हॉल्व्ह बनवणारे. तिथे टेस्टिंग, कॅलिब्रेशन, सर्व्हिस आणि अॅप्लिकेशन इंजिनिअरची कामं निघतात. दुसरे सिस्टिम इंटिग्रेटर आणि पॅनेल बनवणारे, भोसरी-चाकण पट्ट्यात असे बरेच आहेत. काम पीएलसी प्रोग्रॅमिंग, स्काडा आणि साइटवर जाऊन कमिशनिंगचं. तिसरी डिझाइनची ऑफिसं, जिथे पी अँड आयडी वाचून इन्स्ट्रुमेंट इंडेक्स आणि लूप ड्रॉइंग करावी लागतात. ही जास्त करून मुंबई, नवी मुंबई, पुणे आणि बडोद्याला. चौथे प्रत्यक्ष प्लांट: महाड, लोटे, तारापूर, कुरकुंभचे रासायनिक कारखाने आणि आपल्याकडचे साखर कारखाने-डिस्टिलरी, जिथे मेंटेनन्सच्या शिफ्टमध्ये एक इन्स्ट्रुमेंटवाला लागतोच.

या चारांतला एक, फार तर दोन प्रकार निवडा. माझं मत विचाराल तर नव्यानं पास होणाऱ्यासाठी सिस्टिम इंटिग्रेटर सगळ्यांत उपयोगी, कारण वर्षभरात तीन-चार वेगवेगळे प्लांट बघायला मिळतात. पगार सुरुवातीला बेताचा असतो आणि बॅग कायम भरलेली ठेवावी लागते, हेही तितकंच खरं. मेसेजच्या दृष्टीनं आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. वीस-पंचवीस माणसांच्या अशा कंपनीत स्वतंत्र एचआर बहुधा नसतो. निर्णय मालक किंवा प्रोजेक्ट हेड घेतात. त्यामुळे "एचआरचा कॉन्टॅक्ट" हा शब्दच तिथे चुकतो; "प्रोजेक्ट विभागात कोणाशी बोलावं" असं विचारा.

तिसरं, जे उघड्यावर आहे ते आधी स्वतः शोधा. कॉलेज नॅक करून घेत असेल तर निकष 5.2.1 खाली कोणता विद्यार्थी कुठे लागला याची वर्षवार माहिती भरावी लागते, आणि तिच्यात नोकरी देणाऱ्याचं नाव नि संपर्क हा रकाना असतो. बऱ्याच कॉलेजांच्या संकेतस्थळावर आयक्यूएसी किंवा नॅकच्या पानावर ही पीडीएफ पडलेली असते. मागच्या तीन-चार वर्षांच्या फाइल उघडा, शाखेचा रकाना बघा आणि फक्त इन्स्ट्रुमेंटेशनच्या ओळी वहीत उतरवा. निम्म्या ओळी सॉफ्टवेअर कंपन्यांच्या निघतील, त्या सोडा. जी आठ-दहा नावं उरतील ती तुमची खरी यादी. कॅलिब्रेशनमध्ये रस असेल तर एनएबीएलच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त प्रयोगशाळा शोधता येतात आणि कोणती प्रयोगशाळा दाब, तापमान की प्रवाह मोजते हेही कळतं. अप्रेंटिसशिप चालणार असेल तर `nats.education.gov.in` वर नोंदणी आधीच करून ठेवा, कारण "नॅट्सला रजिस्टर आहेस का?" हा सरांचा पहिला प्रश्न असतो.

इथे एक खबरदारी. जुन्या पीडीएफमधला संपर्क बहुधा कंपनीचा बोर्ड नंबर असतो किंवा नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा ईमेल. मेल परत आला तर सोपं, कळतं तरी. न परतता गप्प बसला तर कळत नाही. म्हणून त्या पत्त्यांवर थेट बायोडेटा पाठवत सुटू नका. ती यादी घेऊन सरांना विचारा की यांतल्या कोणाशी अलीकडे बोलणं झालंय. "कंपन्या सांगा" याऐवजी "या चारांपैकी कोणती चालू आहे?" असं विचारलंत की सर एक्सेल उघडून दोन मिनिटांत सांगू शकतात.

चौथं, स्वतःची माहिती एका परिच्छेदात बसवा. सर्व सेमिस्टर मिळून सीजीपीए, लाइव्ह केटी आहे की नाही, दहावी-बारावी किंवा डिप्लोमाचे टक्के, प्रोजेक्ट काय आणि प्रत्यक्ष हातानं काय केलंय. केटी लपवू नका. सरांनी शब्द टाकल्यावर ती बाहेर आली तर नुकसान तुमच्या मागच्या मुलांचंही होतं. एखादी ऑफर आधीच हातात असेल आणि कॉलेजात एक विद्यार्थी एक ऑफर असा नियम असेल तर तेही लिहा. "पीएलसी येतं" असं मोघम नको. कोणत्या कंपनीचा पीएलसी, कोणतं सॉफ्टवेअर, सिम्युलेटरवर की खऱ्या पॅनेलवर, हे सांगा. खऱ्या पॅनेलवर वायरिंग केलं असेल तर ते सगळ्यांत वर. बायोडेटा एक पानाचा, पीडीएफमध्ये, आणि फाइलचं नाव `Resume_final_new2.pdf` नको. नाव, शाखा, वर्ष कळेल असं ठेवा. सर ती फाइल जशीच्या तशी पुढे ढकलणार आहेत.

आता प्रत्यक्ष मेसेज. सहाव्या सेमिस्टरच्या सुट्टीत पॅनेल बनवणाऱ्या छोट्या कंपनीत ट्रेनिंग केलेली आणि कमिशनिंगमध्ये जायचं ठरवलेली मुलगी असेल, तर तिनं साधारण असं लिहावं:

"आदरणीय सर, नमस्कार. मी अंतिम वर्ष इन्स्ट्रुमेंटेशनची विद्यार्थिनी (नाव, रोल नंबर). मला पीएलसी कमिशनिंगचं काम करायचं आहे. साइटवर जायची आणि पुण्याबाहेर राहायची तयारी आहे. सीजीपीए 7.4, लाइव्ह केटी नाही, सध्या कोणतीही ऑफर नाही. सुट्टीत चार आठवडे पॅनेल वायरिंग आणि टेस्टिंगचं ट्रेनिंग केलं आहे. मागच्या वर्षांच्या प्लेसमेंट यादीतून आपल्या शाखेची मुलं घेतलेल्या चार कंपन्या काढल्या आहेत, नावं खाली दिली आहेत. यांपैकी कोणाशी सध्या बोलणं चालू आहे आणि कोणत्या विभागाला लिहावं, एवढं सांगाल का? आपल्याला योग्य वाटल्यास सोबतचा मेल आपल्याकडून पुढे पाठवावा. मी परस्पर फोन करणार नाही. बायोडेटा जोडला आहे."

हा मेसेज ईमेलवर जावा, विभागप्रमुखांना प्रत ठेवून. व्हॉट्सअॅपवर फक्त "सर, मेल केला आहे, सवडीनं बघाल का" एवढंच. विषयाच्या ओळीत शाखा, वर्ष आणि काम तिन्ही असू द्या: "इन्स्ट्रुमेंटेशन अंतिम वर्ष – पीएलसी कमिशनिंगसाठी चार कंपन्यांबाबत". आणि "सोबतचा मेल" म्हणजे कंपनीला उद्देशून लिहिलेल्या पाच-सहा ओळी, इंग्रजीत, वेगळ्या तयार. तो सरांनी लिहावा अशी अपेक्षा ठेवलीत तर तो कधीच जाणार नाही.

वेळ बघून पाठवा. सत्राच्या सुरुवातीला मोठ्या आयटी कंपन्यांचे ड्राइव्ह असतात, तेव्हा टीपीओ ऑफिसात बसायलाही जागा नसते; नॅकची भेट जवळ आली असेल तरीही तेच. छोट्या कोअर कंपन्यांना माणूस लागतो तो ऑर्डर हातात आली की, वर्षाच्या कोणत्याही महिन्यात, आणि मग आठ दिवसांत हवा असतो. ड्राइव्हची गर्दी ओसरल्यावर मेसेज करा आणि नंतर महिन्या-दीड महिन्यानं एकदा आठवण द्या. पहिल्या मेसेजला उत्तर नसेल तर आठवडाभर थांबून त्याच मेलवर एक ओळ लिहा. नवा मेल नको, जुना शोधायला लागतो.

नाव मिळालं की त्याच दिवशी पुढचं पाऊल टाका आणि काय झालं ते सरांना कळवा, नकार आला तरी. "त्यांना सध्या डिप्लोमाच हवा आहे" एवढं तुम्ही कळवलंत तरी शेऱ्याचा रकाना ताजा होतो आणि पुढचं नाव देताना हात आखडत नाही.

उत्तर पुष्कळदा "उद्या ऑफिसला ये" इतकंच येतं. तेव्हा बायोडेटाच्या दोन प्रती, मार्कशीटच्या झेरॉक्स, चार कंपन्यांची यादी आणि कॉलेजच्या पत्राचा टाइप केलेला मसुदा घेऊन जा. छोट्या कंपन्या ट्रेनी घेण्याआधी कॉलेजचं पत्र मागतात, आणि त्यावर सही-शिक्क्याला एक-दोन दिवस लागतात.