डाय बदलण्याची वेळ कमी करण्याचा प्रस्ताव व्यवस्थापनापुढे कसा मांडावा

चाकण, भोसरी किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील कोणत्याही प्रेस शॉपमध्ये, एका पार्टची डाय उतरवून दुसऱ्या पार्टची डाय चढवताना प्रेस बराच वेळ उभा राहतो, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक असते. तरीही ही पद्धत बदलण्याची सूचना बैठकीत तोंडी मांडली, तर ‘बघू’ या उत्तरावर ती बहुधा थांबते. लाइन सुपरवायझर किंवा प्रॉडक्शन इंजिनिअरने हाच विषय एका पानाच्या लेखी प्रस्तावात कसा आणावा, हे 160 टनी प्रेसच्या एका नमुना उदाहरणावरून पाहू. उदाहरणातील आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. आपल्या प्रस्तावात आपल्याच शॉपचे मोजलेले आकडे असले पाहिजेत.

आधी मोजणी

प्रेसच्या लॉगबुकात ‘डाय सेटिंग 30 मिनिटे’ अशी नोंद असते, पण ती बहुधा डाय बसवण्याच्या प्रत्यक्ष कामाची असते. व्यवस्थापनाला सांगायची वेळ म्हणजे जुन्या पार्टचा शेवटचा चांगला नग पडल्यापासून नव्या पार्टचा पहिला मंजूर नग पडेपर्यंतची. ही व्याख्या प्रस्तावाच्या पहिल्याच ओळीत लिहावी, कारण पुढचे बहुतेक वाद ‘तुम्ही नेमके काय मोजले’ यावरूनच होतात.

मोजणी सुरू करण्यापूर्वी दोन्ही शिफ्टच्या सेटरना कारण सांगावे. हातात घड्याळ घेतलेला माणूस प्रेसजवळ उभा राहिला की माणसे कमी करण्याची तयारी चालली आहे, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. मोजणी प्रेसच्या थांबण्याची आहे, कुणाच्या हाताच्या वेगाची नाही, हे स्पष्ट सांगितले आणि नोंदीच्या तक्त्यावर कुणाचेही नाव लिहिले नाही, तर सेटरच सर्वांत उपयोगी माहिती देतो. ‘साहेब, डाय बसवायला वेळ लागत नाही, डाय यायला लागतो,’ हे वाक्य अनेक शॉपमध्ये ऐकू येईल, आणि मोजणीतून बहुधा तेच दिसते.

समजा, दोन आठवड्यांत 12 बदलांची वेळ मोजली आणि त्यांतील मधली वेळ 80 मिनिटे आली. तिची फोड अशी: फोर्कलिफ्टची वाट पाहण्यात 18 मिनिटे, रॅकवरून डाय शोधून आणण्यात 12, जुनी उतरवून नवी चढवण्यात 22, शट हाइट जुळवण्यात 8 आणि पहिल्या नगाच्या तपासणीसाठी क्वालिटीच्या माणसाची वाट पाहण्यासह 20 मिनिटे. सरासरीऐवजी मधली वेळ घ्यावी, म्हणजे सर्व वेळा चढत्या क्रमाने मांडून मध्यावर येणारी वेळ. कारण फोर्कलिफ्ट बंद पडल्याचा एखादाच दिवस सरासरी बिघडवतो.

ही फोड म्हणजेच समस्येचे खरे वर्णन होय. नवी डाय आणून प्रेसशेजारी ठेवणे आणि फोर्कलिफ्ट बोलावून ठेवणे ही दोन्ही कामे जुना पार्ट चालू असतानाच होऊ शकतात. तपासणी मात्र नग पडल्यावरच होते, पण तपासनीसाला आधी कळवून गेज जवळ आणून ठेवता येते. प्रेस थांबवूनच करायची कामे आणि प्रेस चालू असताना करता येणारी कामे वेगळी करण्याचा हा विचार जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांनी 1950 च्या सुमारास हिरोशिमाच्या तोयो कोग्यो कारखान्यात मांडला. पुढे 1969 मध्ये टोयोटाच्या 1000 टनी प्रेसवर चार तासांचे काम आधी दीड तासावर आणि नंतर तीन मिनिटांवर आले. हा दाखला प्रस्तावात एका वाक्यापुरताच द्यावा. तीन मिनिटांचे आश्वासन मात्र देऊ नये, कारण तिथे क्लॅम्प आणि डायची रचनाही बदलली होती.

फायदा व्यवस्थापनाच्या हिशेबात

बहुतेक प्रस्ताव इथे कच्चे राहतात. प्रत्येक बदलामागे 35 मिनिटे वाचतील, दिवसाला तीन बदल आणि महिन्याला 25 दिवस धरले तर जवळपास 44 तास होतात. त्यांना प्रेसच्या ताशी दराने गुणून मोठी रक्कम लिहिण्याचा मोह होतो. पण वाचलेल्या वेळेत विकला जाणारा माल निघाला, किंवा एखादा खर्च खरोखर थांबला, तरच ती रक्कम खरी ठरते. लेखा विभागातील अनुभवी माणूस हा प्रश्न पहिल्याच मिनिटाला विचारेल, आणि तो रास्त आहे.

म्हणून आधी पाहावे की हा प्रेस अडचणीचा आहे की नाही. त्याच्यामुळे पुढची वेल्डिंग लाइन थांबत असेल, किंवा महिन्याला 25 तास ओव्हरटाइम द्यावा लागत असेल, तर फायदा ‘25 तासांचा दुप्पट दराचा ओव्हरटाइम टळेल’ असाच लिहावा. उरलेले 19 तास राखीव क्षमता म्हणून वेगळे दाखवावेत, त्यांचे रुपये करू नयेत. प्रेसला आधीच मोकळा वेळ असेल, तर फायदा दुसरीकडे आहे. बदलाला 80 मिनिटे लागतात म्हणून प्लॅनिंग विभाग एकदा चढवलेल्या डायवर चार दिवसांचा माल काढून ठेवतो आणि बिन शॉपभर साचतात. बदल लवकर होऊ लागला की दोन दिवसांचाच माल काढणे परवडते, आणि त्या पार्टचा साठा साधारण निम्म्यावर येतो.

लहान चाचणी

एक प्रेस, दोन डाय आणि चार आठवडे एवढीच मागणी करावी. खरेदी शक्यतो नसावी. पाने, बोल्ट आणि पॅकिंगसाठी एक ट्रॉली, बदलापूर्वी अर्धा तास भरायची तपासयादी आणि फोर्कलिफ्टची ठरलेली वेळ पुरते. दोन्ही शिफ्ट चाचणीत असाव्यात, कारण केवळ सर्वांत कुशल सेटरवर घेतलेली चाचणी इतरत्र टिकत नाही. मोजणीही आधीच्याच व्याख्येने आणि त्याच पद्धतीने व्हावी. क्वालिटी, स्टोअर आणि फोर्कलिफ्टच्या प्रमुखांशी प्रस्ताव वर जाण्यापूर्वीच बोलून घ्यावे. बैठकीत प्रथमच ऐकणारा विभाग साहजिकच हरकत घेतो.

यशाची आणि थांबवण्याची अट आधीच लिहून ठेवणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण त्यामुळे होकार देणाऱ्याचा धोका मर्यादित होतो. प्रस्तावातील मागणीचा परिच्छेद असा लिहिता येईल:

‘प्रेस क्रमांक 4 वर दोन डायसाठी चार आठवड्यांच्या चाचणीस परवानगी मिळावी, ही विनंती. बदलाची मधली वेळ 80 वरून 55 मिनिटांच्या आत आल्यास चाचणी यशस्वी समजावी. क्लॅम्पची संख्या, सेफ्टी ब्लॉक आणि पहिल्या नगाची मंजुरी यांत कोणतीही कपात होणार नाही. पहिल्या नगाच्या नापसंतीचे प्रमाण आधीपेक्षा वाढल्यास किंवा सुरक्षेची कोणतीही घटना घडल्यास त्याच दिवशी जुनी पद्धत पुन्हा सुरू करू.’

अपेक्षा 45 मिनिटांची असताना अट 55 ची ठेवली आहे, हे लक्षात घ्यावे. पहिल्या आठवड्यात तपासयादी विसरली जाते, डाय रॅकवर चुकीच्या जागी सापडते, आणि तेवढी सवड लागते.

चार आठवड्यांनंतर प्रत्येक बदलाची वेळ, वाईट दिवसांसह, त्याच फोडीच्या तक्त्यात द्यावी. डाय शोधण्याचा आणि तपासणीचा वेळ घटला, पण फोर्कलिफ्टची 18 मिनिटे तशीच राहिली, असे दिसल्यास निकाल तसाच लिहावा आणि पुढची मागणी आणखी प्रेसची न करता फोर्कलिफ्टच्या फेऱ्यांच्या वेळापत्रकाची करावी.