प्लेटलेट ३८ हजार आले? सही करण्याआधी या चुका टाळा

हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आलेला धडधाकट माणूस. अंगावर पुरळ नाही, हिरड्यांतून रक्त नाही, आणि सीबीसीत प्लेटलेट ३८ हजार. ऑपरेशन पुढे ढकलायची तयारी सुरू झाली होती. आमच्या टेक्निशियनने तोच बल्ब, म्हणजे रक्ताची तीच नळी, पुन्हा मशीनला लावला, तर आकडा ३१ हजार. "दोनदा बघितलं मॅडम, कमीच आहेत."

पहिली चूक हीच. तोच बल्ब पुन्हा लावला की मशीन तीच गफलत पुन्हा करतं, कधी आधीपेक्षा जास्त.

मशीन पेशी "ओळखत" नाही. मिठाच्या पाण्यातून वीज सहज वाहते, पेशीतून फारशी वाहत नाही. केसाइतक्या बारीक छिद्रातून पातळ केलेलं रक्त ओढलं की प्रत्येक पेशी जाताना क्षणभर विजेला अडथळा होतो आणि एक धक्का नोंदला जातो. धक्के किती, ती संख्या. धक्का केवढा, तो पेशीचा आकार. वॉलेस कूल्टर यांना १९५३ मध्ये याच कल्पनेचं पेटंट मिळालं. पुढचं काम फक्त सीमारेषांचं. साधारण २ ते २० फेम्टोलिटरचा कण प्लेटलेट, ३६ च्या पुढचा तांबडी पेशी.

काही लोकांच्या प्लेटलेट जांभळ्या झाकणाच्या बल्बमधल्या, रक्त गोठू नये म्हणून घातलेल्या ईडीटीएमुळे एकमेकींना चिकटतात. शरीरात नाही, फक्त बल्बमध्ये. दहा प्लेटलेटचा पुंजका छिद्रातून गेला तर धक्का एकच, आणि तोही एवढा मोठा की प्लेटलेटच्या रेषेपलीकडे जातो. म्हणजे दहाच्या दहा हिशेबातून गायब. वेळ जाईल तसे पुंजके वाढतात, म्हणून दुसरा आकडा अजून खाली.

ओळखायचं कसं? मशीनने काढलेल्या प्लेटलेटच्या आकाराच्या आलेखाचं, म्हणजे हिस्टोग्रामचं, उजवं टोक तळाला टेकत नाही, अधांतरी राहतं. मग लाकडी काडीने बल्बमध्ये गुठळी आहे का बघा. असली तर नमुना फेकून नवा मागवा. ती चूक रक्त घेतानाची. नसली तर स्मिअर करा, म्हणजे काचेवर रक्ताचा पातळ थर पसरा, आणि त्याचं पातळ टोक सूक्ष्मदर्शकाखाली नीट पाहा, पुंजके तिथे ढकलले जातात. बरेच जण फक्त मधला भाग पाहून "प्लेटलेट कमी" असं लिहून मोकळे होतात.

आमच्या रुग्णाचं रक्त ईडीटीएऐवजी सायट्रेट असलेल्या निळ्या बल्बमध्ये घेऊन लगेच लावलं, आकडा आला १,७२,०००. त्या बल्बमध्ये नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट असतं, म्हणून १.१ ने गुणायचं: १,८९,०००. हा गुणाकार विसरणं ही नेहमीची चूक. काहींच्या प्लेटलेट सायट्रेटमध्येही चिकटतात, तिथे स्मिअरवरच भरवसा.

"आमच्याकडे लेझरचं मशीन आहे, आम्हाला ही भानगड नाही," असंही ऐकू येतं. लेझरमध्ये पेशी एकामागोमाग एक रांगेत प्रकाशझोतातून जातात. पुढे विखुरलेला प्रकाश आकार सांगतो, बाजूला विखुरलेला आतली गुंतागुंत. पण पुंजका हा लेझरलाही एकच कण. लेझर खरा कामाला येतो तो उलट्या बाजूने. लोहाची कमतरता तीव्र असेल तर तांबड्या पेशींचे बारीक तुकडे आकाराने प्लेटलेटएवढे असतात आणि विजेच्या मोजणीत प्लेटलेट म्हणून खपतात. आतल्या हिमोग्लोबिनमुळे ते प्रकाश वेगळा विखुरतात, म्हणून लेझरला फरक कळतो. डेंग्यूच्या अशा रुग्णात विजेचा आकडा "बरा" दिसतो आणि खऱ्या प्लेटलेट त्याहून कमी असतात. मला ३८ हजारांपेक्षा ही भीती जास्त वाटते.

आणखी एक चूक एमसीएचसीकडे, म्हणजे तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनच्या प्रमाणाकडे, न बघण्याची. थंडीतला एक नमुना: हिमोग्लोबिन ११.४, तांबड्या पेशी १६.२ लाख, एमसीव्ही म्हणजे त्यांचा सरासरी आकार ११८. मशीनने पेशींची संख्या आणि एमसीव्ही गुणून हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा टक्का, काढलं १९.१, आणि एमसीएचसी आलं जवळपास ६०. तांबड्या पेशीत एवढं हिमोग्लोबिन मावतच नाही. ३६ च्या फार वर गेलं की मोजणीवर संशय घ्यायचा. इथे थंडाव्याने पेशी एकमेकींना चिकटल्या होत्या. दोन-तीन पेशींचा धक्का एक, म्हणून संख्या कमी आणि आकार मोठा. हिमोग्लोबिन मात्र पेशी फोडून मोजतात, म्हणून ते खरं.

बल्ब ३७ अंशांवर अर्धा तास ठेवला, हलकेच मिसळला आणि गरम असतानाच लावला. पेशी ३८ लाख, एमसीव्ही ९०, एमसीएचसी ३३.३.

गरम करूनही एमसीएचसीचा आकडा उतरला नाही तर बल्ब उभा ठेवून वरचा प्लाझ्मा पाहा. तो दुधासारखा पांढरा असेल तर गोष्ट उलटी आहे: पेशींची मोजणी बरोबर, आणि चरबीच्या गढूळपणामुळे हिमोग्लोबिन फुगलेलं.